‘कऱ्हाकाठ’ची पाटी

“मॅडम, कस्टमाइज्ड आयटम आहे, रिटर्न होत नाही.” हे वाक्य मला त्या विक्रेत्याच्या माणसाने इतक्या वेळा ऐकवलं की अजूनही कुठे ‘कस्टमाइज्ड’ हा शब्द दिसला तर माझं डोकं तापतं. वस्तू आमच्यासाठी बनवलेली होती हे खरं. पण आम्ही सांगितलं तशी बनवलेली नव्हती, आणि एवढा साधा फरक त्या माणसाला शेवटपर्यंत समजून घ्यायचा नव्हता.

सासवडला आई-आप्पांचं जुनं घर पाडून नवं बांधलं. घराचं नाव आप्पांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं, ‘कऱ्हाकाठ’. कऱ्हा नदी तिथून जवळ आहे आणि आप्पांचं बालपण तिच्या पात्रात गेलेलं. माझा धाकटा भाऊ मंदार बंगळूरला असतो. वास्तुशांतीला दाराची पाटी आपण भेट द्यायची असं त्याने ठरवलं, एका मोठ्या खरेदीच्या साइटवर ‘ब्रास फिनिश नेमप्लेट’ शोधली आणि ११९९ रुपये भरून मागवली. चार पॉइंट आठ स्टार होते. नाव लिहायला एक चौकट होती, त्यात मराठीत टाइप केलं की बाजूच्या चित्रातल्या पाटीवर ते नाव उमटायचं. मंदारने नाव लिहिलं, चित्रात बरोबर दिसलं, त्याने त्याचा स्क्रीनशॉटही आम्हाला पाठवला. आम्ही सगळ्यांनी छान म्हटलं.

पाटी आली ती ‘कर्हाकाठ’ अशी. ‘ह’च्या डोक्यावर रफार.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांच्यासाठी थोडं थांबते. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ या शब्दांत र पुढच्या अक्षराला जोडताना त्याच्या जागी जी आडवी, डोळ्याच्या पापणीसारखी रेघ येते ती मराठीची आहे. हिंदीत ती लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही, आणि तो बिनदिक्कत रफार देतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही कळतं. आप्पा पाटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि “हे आपलं नाव नव्हे” एवढंच म्हणाले.

पण मला इतके दिवस जे छळत राहिलं ते वेगळं आहे. स्क्रीनवर नाव बरोबर दिसलं होतं! मग पाटीवर चुकलं कसं? मी विक्रेत्याला हेच विचारलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: “तुम्हीच टाइप केलंय, प्रीव्ह्यू तुम्हीच पाहिलाय, सेम टू सेम बनवलंय.” मी स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला, “तेच तर आहे, मॅडम.” मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून त्या रेघेभोवती लाल गोल काढून पाठवला. तो म्हणाला, “हिंदीत असंच लिहितात.” मी म्हटलं, “मराठी आहे.” तो म्हणाला, “फॉन्टमध्ये असंच येतं.” आणि मग पुन्हा तेच, कस्टमाइज्ड आयटम.

यातलं ‘फॉन्टमध्ये असंच येतं’ हे वाक्य मी सोडलं नाही, कारण त्यातच सगळं होतं. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, त्यांचं आयुष्य पत्रिका आणि फलक छापण्यात गेलं. त्यांना मी पाटी दाखवली. त्यांनी एका दमात उलगडून सांगितलं. साइटवरच्या चौकटीत जे दिसतं ते तुमच्या मोबाइलने किंवा ब्राउझरने रंगवलेलं असतं. तिथली अक्षरं युनिकोडमधली असतात आणि तिथला फॉन्ट चांगला असतो, त्यामुळे ऱ्हा नीट दिसतो. पण पाटी कोरणाऱ्या यंत्रापर्यंत ते चित्र जातच नाही. ऑर्डर जाते ती नुसत्या मजकुराची. कारखान्यातला ऑपरेटर तो मजकूर कोरलड्रॉसारख्या प्रोग्रॅममध्ये घेतो. पुष्कळ ठिकाणी अजून कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात, त्यांना युनिकोड कळत नाही, म्हणून एक तर मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो किंवा ऑपरेटर तो बघून पुन्हा टाइप करतो. कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेला असेल तर त्यात ऱ्ह हे रूपच नसतं. पुन्हा टाइप करणारा माणूस मराठी नसेल तर त्याच्या बोटांना सवय रफाराची.

आणि युनिकोडमध्येही एक मेख आहे म्हणाले. हे अक्षर दोन रीतींनी लिहिता येतं. एक, नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. ते जोडचिन्ह डोळ्याला दिसत नसल्यामुळे एखाद्या फॉर्ममधून, एक्सेलमधून, ऑर्डरच्या यादीतून जाताना गळून पडू शकतं. ते गळालं की उरतं र, हलन्त, ह. आणि कॉम्प्युटर नियमाप्रमाणे र उचलून ‘ह’च्या डोक्यावर ठेवतो. कोणी काही चुकीचं टाइप न करताच शब्द बदलतो.

म्हणजे मंदारने पाहिलेलं चित्र हे प्रूफ नव्हतंच. ते दुकानाच्या काचेतलं सजवलेलं चित्र होतं. प्रूफ म्हणजे ज्या फाइलवरून यंत्र चालणार आहे त्या फाइलमधून निघालेलं चित्र. एवढा एक भेद सगळ्या ग्राहकांना माहीत असता तर किती पाट्या, किती ट्रॉफ्या, किती मानपत्रं वाचली असती! मला याचा खरोखर संताप येतो की साइटवाले त्या चित्राला ‘प्रीव्ह्यू’ म्हणतात, ग्राहक त्याला संमती समजतो, आणि विक्रेता ती संमती पुरावा म्हणून आपल्याच तोंडावर मारतो.

परतीचं सांगून टाकते. २०२० सालचे ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांत वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘कस्टमाइज्ड’ म्हणून पाटीवर चुकीचं नाव चालतं अशी सूट मला त्यात कुठे दिसली नाही. आवडली नाही म्हणून परत करणं आणि चुकीची आली म्हणून परत करणं या दोन गोष्टी आहेत. मी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, उत्तराने समाधान झालं नाही म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दोन्ही चित्रं जोडली. पैसे परत आले. विक्रेत्याने शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही, साइटने ‘सदिच्छा म्हणून’ रक्कम दिली. मला सदिच्छा नको होती. पण वास्तुशांत तोंडावर आली होती आणि दारावर पाटी नव्हती.

दुसरी पाटी मी मागवायची असं ठरलं. सासवडहून पुणं काही लांब नाही, दुकानात जाऊन समोर बसून करून घे असं आई म्हणत होती. तिचं चूक नव्हतं. पण माझं तेव्हा ऑफिस आणि घर यांतून निघणं होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला हे ऑनलाइन नीट होतं की नाही हे बघायचंच होतं.

सुरुवात अभिप्रायांपासून केली. स्टार मी बघितलेच नाहीत. पाटीवरच्या बहुतेक अभिप्रायांत ‘नाइस प्रॉडक्ट’, ‘गुड पॅकिंग’, ‘फास्ट डिलिव्हरी’ असतं. ते खोटे असतात असं नाही, पण पाकीट उघडल्या उघडल्या लिहिलेल्या माणसाला पाटीबद्दल काय माहीत असणार? पितळ काळवंडतं की नाही, कोरलेल्या खाचेतला रंग सुटतो की नाही, हे एका पावसाळ्यानंतर कळतं. म्हणून मी जुने अभिप्राय आधी वाचले, आणि त्यांतही तीन स्टारवाले. पाच स्टारवाला खूश असतो, एक स्टारवाला कुरिअरवर चिडलेला असू शकतो. तीन स्टारवाला मात्र बहुधा मोजून लिहितो: पाटी चांगली आहे, पण भोकं वाकडी आहेत, अक्षरं छान, पण रंग दाखवला त्याहून पिवळा. अशा माणसांवर माझा विश्वास बसला.

एका पाटीखाली शेकडो अभिप्राय होते आणि त्यांतले निम्मे मगविषयी होते. चहाचा मग! ‘हँडल मजबूत आहे’, ‘मायक्रोवेव्हमध्ये चालतो’. विक्रेत्याने जुन्या, चाललेल्या वस्तूच्या पानावर वस्तू बदलून नवी लावली होती किंवा दोन वेगळ्या वस्तू एकाच वस्तूचे प्रकार म्हणून जोडल्या होत्या. स्टार मगाचे, विकायला पाटी. अभिप्रायांच्या शोधाच्या चौकटीत मी ‘Marathi’ असं लिहून पाहिलं, मग ‘मराठी’ असंही. बहुतेक ठिकाणी काहीच आलं नाही. जिथे आलं तिथे गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो मोठे करून जोडाक्षरं तपासली. ज्या विक्रेत्याकडे एकाही मराठी पाटीचा गिऱ्हाइकाने काढलेला फोटो नाही, तो माझ्यापुरता बाद.

फोटोंचं तर काय सांगू. एका विक्रेत्याच्या पानावर लाकडावर पितळी अक्षरं असलेल्या कितीतरी पाट्या होत्या, कुलकर्णी, पाटील, शर्मा, फर्नांडिस. सुंदर होत्या. बघता बघता माझ्या लक्षात आलं की सगळ्या पाट्यांच्या उजव्या कोपऱ्यात लाकडाची एकच गाठ आहे. तोच तपकिरी डोळा, त्याच्याभोवती त्याच तीन वळ्या. एका झाडाच्या दोन फळ्या कधी सारख्या निघत नाहीत. म्हणजे फळी एकच, फोटो एकच, त्यावर कॉम्प्युटरने नावं बदलत नेली. त्याने एकही पाटी बनवली नसेल असं मी म्हणत नाही, पण दाखवत असलेली एकही बनवलेली नव्हती. एकदा हे दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. अक्षरांची सावली एका बाजूला आणि कुंडीची दुसऱ्या बाजूला. भिंत तिरकी, पाटीवरचं नाव मात्र सरळ. त्यातला एक फोटो मी गूगल लेन्समध्ये टाकला तर तोच फोटो निरनिराळ्या नावांच्या दुकानांत, निरनिराळ्या किमतींना.

मग धातू. मंदारने घेतलेली पाटी ‘ब्रास फिनिश’ होती, म्हणजे पितळ नव्हतीच, सोनेरी ॲक्रिलिक होतं. तसं लिहिलेलं होतं, फसवणूक म्हणता येणार नाही. पण यावेळी मला खरं पितळ हवं होतं आणि ‘प्युअर ब्रास’ म्हणणारे बरेच होते. फोटोवरून पितळ ओळखता येत नाही. वजनावरून मात्र येतं. पितळ एका घन सेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम भरतं. बारा इंच बाय सहा इंचाची, दोन मिलिमीटर जाडीची पाटी म्हणजे साधारण ९३ घन सेंटिमीटर, म्हणजे नुसता पत्राच पाऊण किलोच्या वर जायला हवा. ॲक्रिलिकची तीन मिलिमीटरची तेवढीच पाटी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. वस्तूच्या तपशिलात खाली कुठेतरी वजन दिलेलं असतं, ते कोणी बघत नाही. एका ‘प्युअर ब्रास’ पाटीचं वजन ३०० ग्रॅम दिलं होतं. मी विचारलं जाडी किती. तो म्हणाला, “स्टँडर्ड जाडी.” मी म्हटलं, मिलिमीटरमध्ये सांगा. त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही. पत्रा फार पातळ असेल किंवा पितळच नसेल, दोन्हींत मला रस नव्हता.

शेवटी कोल्हापूरकडच्या एका वर्कशॉपवर मन बसलं. स्वतःची छोटी वेबसाइट, वर पत्ता, जीएसटी क्रमांक. तो क्रमांक gst.gov.in वर ‘Search Taxpayer’मध्ये टाकला. सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. दुकानाचं नाव, मालकाचं नाव आणि नोंदणीची तारीख जुळली. ज्यांच्याकडे हा क्रमांक नसतो ते सगळे खोटे असतात असं नाही, उलाढाल लहान असेल तर नोंदणी लागतही नाही. पण क्रमांक दिलेला असेल तर तो तपासायला मिनिटभर लागतं, आणि उसना घेतलेला असेल तर तिथेच उघडं पडतं.

फोन केला. पैसे भरण्याआधी प्रूफ पाठवाल का, असं विचारलं. तो म्हणाला, “नाही ताई, तसं आम्ही करत नाही.”

माझा पारा चढला. पुन्हा तेच! मी त्याला पहिल्या पाटीची सगळी हकिकत ऐकवली, जरा मोठ्या आवाजातच. त्याने पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाला, “ऱ्हा ना? तो आम्ही रोज करतो ताई, इकडे ऱ्हाचीच नावं जास्त. पण प्रूफ फुकट दिलं की लोक ते घेऊन शेजारच्या दुकानात जातात. डिझाइन मी करायचं, कापायचं त्याने. माझी पोरं दिवसाला इतकी प्रूफं बनवतात आणि त्यातली निम्मी परत येत नाहीत.” मग त्याने त्याची रीत सांगितली. अडीचशे रुपये द्यायचे, त्यात प्रूफ आणि दोन वेळा दुरुस्ती. ऑर्डर दिली तर ते बिलातून वजा. मंजुरीनंतर निम्मे पैसे, उरलेले माल निघण्याआधी तयार पाटीचा फोटो बघून.

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. प्रूफ हा ग्राहकाचा हक्क आहे असं मी सगळ्यांना तावातावाने सांगत होते. मला अजूनही तसंच वाटतं. पण डिझाइन करणाऱ्याच्या दोन तासांचे पैसे कोणी द्यायचे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी अडीचशे रुपये दिले. पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव आलं ते जीएसटीच्या नोंदीतलंच होतं, हेही बघून घेतलं. नाव वेगळं आलं असतं तर थांबले असते.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं. ऱ्हा अगदी स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं की लगेच मंजूर म्हणणार होते. पण सोसायटीतल्या त्या गृहस्थांनी बजावलं होतं, व्हॉट्सॲपच्या चित्रावर कधीही मंजुरी द्यायची नाही. चित्र दाबून लहान केलेलं असतं, त्याला माप नसतं. पीडीएफ मागायची, मूळ मापाची. ती आल्यावर उघडून त्यातल्या अक्षरांवर माउस फिरवून मजकूर निवडता येतो का बघायचा. निवडता आला तर तो अजून फॉन्ट आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर अक्षर बदलू शकतं, म्हणजे तुमचा ऱ्हा पुन्हा हवेत. निवडता आला नाही तर बहुधा अक्षरांच्या कडा रेषांत बदलल्या आहेत, ज्याला ते लोक ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. कर्व्ह केलेलं अक्षर म्हणजे चित्रच. ते यंत्रापर्यंत जाताना बदलत नाही. आमची पीडीएफ कर्व्ह केलेली होती.

ती मी शंभर टक्के मापात छापली. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, ए-फोर कागद २९७चा, त्यामुळे दोन कागद जोडावे लागले. छापताना ‘फिट टू पेज’ राहिलं तर सगळं गुपचूप लहान होतं, म्हणून पट्टी लावून पुन्हा मोजलं. मंदार सुट्टीवर आला होता, त्याने तो कागद सासवडला नेऊन दाराशेजारी चिकटवला आणि फाटकातून फोटो काढला. ‘कऱ्हाकाठ’ लांबून वाचता येत होतं. खालची आई-आप्पांची नावं मात्र मुंग्यांसारखी. शिवाय डाव्या स्क्रूचं भोक ‘क’च्या इतकं जवळ होतं की स्क्रूच्या डोक्याने त्याचा गोल अर्धा झाकला असता. स्क्रीनवर यातलं काहीही दिसलं नव्हतं, कारण स्क्रीनवर भोक म्हणजे एक ठिपका असतो, स्क्रूचं डोकं नसतं.

कळवल्यावर वर्कशॉपवाल्याने स्वतः फोन केला. खालच्या नावांची उंची आठ मिलिमीटर होती. त्याचं कोरायचं बिट एक मिलिमीटरचं. एवढ्या लहान अक्षरात ‘श्र’च्या गाठी, अनुस्वाराचा ठिपका आणि शिरोरेषा यांच्यात बिटाला फिरायला जागा राहत नाही, खाचा एकमेकींत मिसळतात आणि रंग भरला की अक्षराचा डाग होतो. बारा मिलिमीटर करूया, तो म्हणाला. मग मीच विचारलं, पापणीच्या रेघेचं काय? ती तर अक्षराच्या बाकी रेघांपेक्षा बारीक असते. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ताई, भंगारातला तुकडा आहे त्याच मालाचा. त्यावर नुसता ‘ऱ्हा’ कापून पाठवतो. बघा आणि सांगा.”

तळहातात मावेल एवढा पितळेचा तुकडा कुरिअरने आला. त्यावर एकच अक्षर, ऱ्हा, काळ्या रंगाने भरलेलं. मी तो उन्हात तिरका धरून बघितला. पापणीची रेघ शिरोरेषेला जिथे मिळते तिथे खाच उथळ होती आणि रंग नीट बसला नव्हता. नखाने खरवडल्यावर तिथला कण सुटला. बाकी सगळं उत्तम. मी त्याचा जवळून फोटो पाठवला. त्याने वाद घातला नाही. रेघ थोडी जाड करतो आणि खोली सगळीकडे सारखी ठेवतो म्हणाला, दुरुस्त पीडीएफ पाठवली, आणि मी त्या फाइलचं नाव लिहून ‘ही फाइल मंजूर’ असं उत्तर दिलं. फाइलचं नाव लिहायचं कारण असं की दुरुस्त्यांनंतर तीन-चार फाइली फिरत असतात आणि कारखान्यात जुनीच उघडली गेली तर वाद घालायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

पाटी झाली. ३४०० रुपये पडले, मंदारच्या पाटीच्या जवळजवळ तिप्पट. वजनकाट्यावर ठेवली, ८०० ग्रॅमच्या जरा खाली. आप्पांनी बोटाने ऱ्हा चाचपला आणि ड्रिल मशीन आणायला उठले.

त्याच खोक्यात तळाशी एक छापील कार्ड होतं. ‘आम्हाला पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये कॅशबॅक मिळवा.’

मला वाईट वाटलं, म्हणजे खरोखरच. ज्याच्या गिऱ्हाइकांचे फोटो मी मोठे करून करून बघितले, ज्याच्या अभिप्रायांवर मी विश्वास टाकला, त्यांतले किती या पन्नास रुपयांचे होते? विकत घेतलेला अभिप्राय हा खोट्याचाच प्रकार आहे असं मी मानते. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि दाखवावेत याचं एक भारतीय मानक २०२२ साली निघालं आहे, आयएस १९०००. ते पाळणं तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं, आणि छोट्या वर्कशॉपपर्यंत ते पोचलं असेल असं मला वाटत नाही. मी त्याला फोन केला. आधी पाटीबद्दल आभार मानले, मग कार्डाबद्दल विचारलं. तो चिडला नाही. “ताई, समोरचा दुकानदार शंभर देतो. माझे स्टार कमी दिसले की माझं पान खाली जातं, मग तुम्हाला मी सापडलोच नसतो.” मी म्हटलं, “पण तुमच्या पाट्या चांगल्या आहेत, तुम्हाला गरज काय?” त्यावर तो म्हणाला, “चांगल्या आहेत हे फोनवरून कसं दिसणार?”

मला त्याचं म्हणणं पटलं नाही, आणि ते खोडताही आलं नाही. मी अभिप्राय लिहिला, स्क्रीनशॉट पाठवला नाही, पैसे घेतले नाहीत. स्टार चार दिले. पाटीचा उन्हातला फोटो टाकला, जाडी, वजन, नमुन्याच्या तुकड्यावर रंग सुटला होता आणि तो त्याने कसा सुधारला तेही लिहिलं, आणि शेवटी ऱ्हा, ऱ्य असलेली नावं इथे बरोबर होतात असं लिहिलं, म्हणजे कोणी माझ्यासारखं ‘मराठी’ शोधत आलं तर त्याला सापडेल. पावसाळ्यानंतर त्यातच भर घालणार आहे, रंग टिकला की नाही ते.